सराफ्यातला रात्रीचा व्हिडिओ: दाणे किती पुसायचे?

अंधारात व्हिडिओवर उठणारे ठिपके म्हणजे दाणे; ते पुसणारा डीनॉइझ लावण्याआधी प्रकाश वाढव. इंदूरच्या सराफ्यात, त्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा किस टिपताना फोनची टेली लेन्स नको, मुख्य लेन्सनेच जवळ जा. २५ फ्रेमला शटर १/१०० वरून १/५० कर; प्रकाश दुप्पट होतो, आयएसओ १६०० वरून ८०० वर येतो आणि दिवेही लुकलुकत नाहीत. हलणारा झारा थोडा पुसट दिसेल, चालेल.

उरलेल्या दाण्यांसाठी टेम्पोरल डीनॉइझ हलकाच लाव. तो शेजारच्या फ्रेमची सरासरी काढतो, म्हणून स्थिर कढई स्वच्छ होते. पण हलत्या हातामागे सावली ओढली जाते आणि वाफ विरते. एकाच फ्रेममधले शेजारचे बिंदू मिसळणारा स्पेशियल डीनॉइझ वाढवलास तर किसाचा रवाळपणाच जातो, नुसता पिवळा लगदा उरतो! १०० टक्के झूम करून कोथिंबिरीची पानं बघ. कडा विरघळल्या तर मात्रा कमी कर. थोडे दाणे राहू देत.