रेषेवरून वय काढताना

तळहातावरच्या रेषेवरून एखादी घटना कोणत्या वयात घडली ते काढायचं असेल, तर आधी भाग्यरेषा घ्या, म्हणजे मधल्या बोटाकडे जाणारी उभी रेषा; जीवनरेषा नंतर. भाग्यरेषेचं वय मणिबंधापासून, म्हणजे मनगटावरच्या आडव्या रेषेपासून, वर मोजतात. ती तळहाताच्या मधल्या आडव्या मस्तकरेषेला छेदते तिथे ३५ आणि तिच्या वरच्या हृदयरेषेला छेदते तिथे ५० धरण्याची पद्धत रूढ आहे.

समजा, मणिबंधापासून मस्तकरेषेपर्यंत ५६ मिमी अंतर आहे, म्हणजे वर्षाला १.६ मिमी. भाग्यरेषा तुटलेली जागा ४० मिमीवर असेल तर वय २५. दुसरे लोक मणिबंध ते मधल्या बोटाचं मूळ हे सगळं अंतर ७० वर्षं मानून सारखं वाटतात. ते १०० मिमी असेल, तर तीच जागा २८ दाखवते! मस्तकरेषा याहून वर असलेल्या हातात हा फरक आणखी वाढतो. म्हणून एकच पद्धत धरा आणि आधी माहीत असलेल्या घटनेवर ताडून बघा. अर्थात, जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. या मोजमापाला शास्त्रीय पुरावा नाही.

जीवनरेषा अंगठा-तर्जनीच्या मधून सुरू होते, वय तिथून खाली मोजतात. ती वक्र असल्याने पट्टीऐवजी दोरा वापरा. गोंधळ मात्र नावापासूनच आहे: सामुद्रिकात आयुरेखा म्हणजे पुष्कळदा हृदयरेषा, जी करंगळीखालून मोजतात. त्यामुळे ग्रंथ वाचताना रेषा कोणती, ते आधी पाहा. मृत्यूचं वय तर सांगूच नका.