व्हॉट्सॲपचा नंबर बदलू की जुनं अकाउंट डिलीट करू?

प्रश्न: ऑफिसचं सिम परत द्यायचंय, व्हॉट्सॲप त्याच नंबरवर आहे. जुनं अकाउंट डिलीट करून नव्या नंबरवर सुरू केलं तर चॅट आणि ग्रुप राहतील का?

उत्तर: नाही राहणार, त्यामुळे डिलीट अजिबात करू नका. डिलीट केलं की फोनमधल्या चॅट पुसल्या जातात, सगळ्या ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडता आणि गूगल अकाउंटवरचा बॅकअपही जातो. नंतर कोणालाच तो परत आणता येत नाही.

तुम्हाला हवं आहे ते Settings > Account > Change number. आधी जुना नंबर टाकायचा, खाली नवा. ओटीपी नव्या नंबरवरच येतो, म्हणून ते सिम चालू असायला हवं. प्रोफाइल, ग्रुप आणि सेटिंग्ज नव्या नंबरवर येतात, फोन तोच असेल तर चॅटही जागच्या जागी राहतात. जुन्या नंबरचं अकाउंट आपोआप बंद होतं, वेगळं काही करावं लागत नाही.

ग्रुपमध्ये नंबर बदलल्याचं आपोआप दिसतं. बाकीच्यांना कळवायचं की नाही, हे तिथेच विचारलं जातं. ज्यांच्याशी चॅट आहे तेवढ्यांनाच कळवा, हा पर्याय मला बरा वाटतो. नाहीतर जुना प्लंबर आणि कुरिअरवाला यांनाही नवा नंबर जातो.

फोनही बदलत असाल तर आधी जुन्या फोनवर नंबर बदला, मग नव्या नंबरने ताजा बॅकअप घ्या आणि तो नव्या फोनवर उतरवा. अँड्रॉइडचा बॅकअप नंबर आणि गूगल अकाउंट दोन्हींशी बांधलेला असतो. क्रम उलटला तर नव्या फोनला तो सापडतच नाही.

बँक, यूपीआय आणि आधारला जोडलेला नंबर मात्र याने बदलत नाही. सिम परत देण्याआधी तो वेगळा बदलून घ्या.