४०० चा सपोर्ट कुणी धरलाय?

‘सर, मी साताऱ्यात नोकरी करतो, वय ४४. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे १,००० शेअर ५२० च्या भावाने घेतले. निम्मे पैसे माझे, निम्मे ब्रोकरच्या एमटीएफचे, म्हणजे शेअर घ्यायला त्याने व्याजाने दिलेले. दहा महिने झाले, व्याज दरमहा भरतोय. आता भाव ४१५ आहे. ४०० वरून तीनदा उसळी आली. ज्यांच्या क्लासला ३५,००० भरले ते सर म्हणतात, ४०० हा भक्कम सपोर्ट आहे. तिथे आणखी १,००० घ्या, सरासरी ४६० होईल, मग ५२० च्या रेझिस्टन्सला सगळे विकून मोकळे व्हा. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीची ४ लाखांची एफडी जूनपर्यंत नुसती पडून आहे, ती मोडतो. नव्या शेअरना स्टॉपलॉस ३९९.५० ठेवू की ३९८?’

दोन्ही नको, कारण ती खरेदीच नको. ३९९.५० हा आकडा मात्र सोडून देण्यासारखा नाही. तुम्ही जिथे स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथवर घसरला की आपोआप विकायची ऑर्डर, लावायला निघालात तिथेच बाकीचेही लावून बसलेत, आणि सपोर्ट कसा बनतो, कसा तुटतो हे त्या गर्दीतूनच कळतं.

चार्टवरची आडवी रेघ भाव अडवत नाही. भाव अडतो तो ऑर्डरींमुळे. ४०० ला कोण कोण थांबलंय ते बघा. मागच्या वेळी ४०० ला घ्यायचं मनात होतं, पण हात आखडता घेतला आणि भाव ४४० ला गेल्यावर हळहळले, ते एक. आधी वर विकून ठेवलं होतं आणि आता नफा घेऊन सौदा मिटवायचाय, ते दुसरे. आणि तुमच्यासारखे, क्लासमध्ये रेघ शिकून आलेले, ते तिसरे. तिघांची कारणं वेगळी, पण आकडा एकच. ३९७.३५ असा भाव कुणाच्या मनात येत नाही, ४०० येतो. म्हणून तिथे खरेदीचा ढीग साचतो आणि विक्री त्यात जिरते. त्यालाच आपण उसळी म्हणतो.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत काम केलेल्या कॅरल ऑस्लर यांनी एका मोठ्या बँकेकडे आलेल्या परकीय चलनाच्या हजारो ऑर्डरी तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. नफा घेण्याच्या ऑर्डरी बरोब्बर गोल आकड्यावर साचतात. स्टॉपलॉस मात्र गोल आकड्याच्या जरा पलीकडे साचतात, म्हणजे खरेदीचे वर आणि विक्रीचे खाली. भाव गोल आकड्यापाशी का पलटतो आणि तो ओलांडला की धावत का सुटतो, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर या एकाच निरीक्षणात आहे. बाजार त्यांचा चलनाचा होता, पण गोल आकड्याची ओढ आपल्याकडेही तीच.

आता तुमच्या शेअरवर लावून बघू. आकडे समजण्यापुरते घेतो. समजा ४०० ला ६०,००० शेअरची खरेदी उभी आहे आणि ३९९.९५ ते ३९८ या पट्ट्यात ४०,००० शेअरचे विक्रीचे स्टॉपलॉस आहेत. एखाद्या दिवशी ७०,००० ची विक्री आली. ६०,००० जिरले, उरलेल्या १०,००० नी भाव ४०० खाली नेला. त्या क्षणी स्टॉपलॉस जागे होतात आणि ४०,००० शेअर एकदम विकायला येतात. घेणारे तर वरच संपलेत, ३९९ ला फार कुणी नसतं. मग भाव ३९९ वर थांबत नाही, जिथे पुढचे घेणारे भेटतील तिथपर्यंत घसरतो, मग ते ३९२ असो की ३८८.

तुमचा ३९९.५० त्या ४०,००० मधलाच. ऑर्डर मार्केटची, म्हणजे मिळेल त्या भावाची असेल तर ती ३९१ ला सुद्धा सुटेल. लिमिटची, म्हणजे ठरवलेल्या भावाखाली न विकणारी असेल आणि लिमिट ३९९ असेल, तर भाव खाली उडी मारून गेल्यावर ती विकलीच जाणार नाही, नुसती लटकून राहील. शेअरमागे पन्नास पैसे, म्हणजे पाचशे रुपयांचा तोटा असं तुमचं गणित आहे. प्रत्यक्षात तो दहा-बारा हजारांवर सहज जातो. ३९८ ठेवलात तरी तीच गत.

यातलं काहीही तुम्हाला स्क्रीनवर दिसत नाही. मार्केट डेप्थमध्ये, म्हणजे उभ्या ऑर्डरींच्या यादीत, खरेदी-विक्रीचे पाच-पाच भाव दिसतात. स्टॉपलॉस ट्रिगर होईपर्यंत त्यात येत नाही आणि जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव आला की सुटणारी ऑर्डर, तर तोवर ब्रोकरकडेच पडून असते, एक्स्चेंजपर्यंत पोचलेलीच नसते. त्यामुळे सपोर्ट भक्कम आहे हे कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्यांना ढीग दिसलेला नसतो. त्यांनी तो गृहीत धरलेला असतो.

‘तीनदा टिकला म्हणून भक्कम’ यावरही माझा फारसा विश्वास नाही. प्रत्येक उसळीत ४०० च्या खरेदीचा काही भाग खर्ची पडतो. ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी घेतलं. नवे लोक त्या रांगेत उभे राहिले तरच ढीग पुन्हा भरतो. ते उभे राहतायत का याची ढोबळ खूण उसळीत मिळते. पहिली ४४० पर्यंत गेली, दुसरी ४३० पर्यंत आणि तिसरी ४२० लाच दमली असेल, तर रांग रोडावतेय. तुमच्या शेअरच्या तीन उसळ्या कुठवर गेल्या ते पत्रात नाही. एकदा चार्ट उघडून बघा.

आता वरच्या बाजूला, ५२० कडे वळू. तो रेझिस्टन्स का आहे? कारण तिथे तुम्ही आहात. दहा महिन्यांपूर्वी त्या भावाला तुमच्यासारख्या अनेकांनी घेतलं, अडकले, आणि आता ‘माझी मुद्दल सुटू दे, एक दिवस थांबणार नाही’ असं म्हणत बसलेत. भाव ५२० जवळ आला की या सगळ्यांची विक्री एकदम येते. तोट्यातला शेअर धरून ठेवायचा आणि मुद्दल सुटताच विकायचा, ही सवय जगभरच्या गुंतवणूकदारांत आढळते.

आपल्या निफ्टीचंच बघा. जानेवारी २००८ मध्ये ६,३५७ चं शिखर झालं आणि मग बाजार कोसळला. नोव्हेंबर २०१० मध्ये निफ्टी पुन्हा ६,३३८ ला पोचला आणि तिथूनच परतला. नोव्हेंबर २०१३ मध्ये ६,३४० च्या आसपास पुन्हा तेच. अखेर डिसेंबर २०१३ मध्ये, चार राज्यांच्या निकालानंतर, ते शिखर ओलांडलं गेलं. सगळं काही अडकलेल्यांच्या विक्रीमुळे झालं असं नाही, त्या वर्षांत महागाई होती, व्याजदर चढे होते. पण २००८ च्या शिखरावर शिरलेले कितीतरी लोक मुद्दल दिसताच फंडातून बाहेर पडत होते, आणि २०१०-११ या वर्षात इक्विटी योजनांतून आलेल्यापेक्षा गेलेला पैसा जास्त होता.

म्हणजे तुमचे सर तुम्हाला सांगतायत ते असं, की जिथे सगळे विकणार आहेत नेमकं तिथे तुम्हीही विका, आणि त्या गर्दीत तुमची ऑर्डर आधी लागेल अशी आशा धरा.

त्यातून ५२० ही तुमची मुद्दल राहिलेलीच नाही. एमटीएफचं व्याज साधारण १५ टक्के धरतो. २ लाख ६० हजारांवर वर्षाला ३९,०००, म्हणजे महिन्याला शेअरमागे सव्वातीन रुपये. दहा महिन्यांत ३२ रुपये गेले. आज तुमचा खरा भाव ५५२ आहे आणि तो दर महिन्याला वर सरकतोय. रेझिस्टन्स जागेवर आणि तुम्ही त्याच्या वर, असं झालंय.

पत्रात ही गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण माझ्या दृष्टीने ती सर्वांत गंभीर आहे. ४१५ च्या भावाला शेअरची किंमत ४ लाख १५ हजार, त्यात ब्रोकरचे २ लाख ६० हजार. तुमचे उरले १ लाख ५५ हजार, म्हणजे ३७ टक्के. समजा ब्रोकरची मर्यादा ३० टक्क्यांची आहे (करारात नक्की आकडा बघा), तर ३७१ च्या आसपास पैसे भरा असा निरोप येईल. नाही भरलेत तर तो तुमच्या परवानगीशिवाय विकेल. आणि असे एमटीएफवाले तुम्ही एकटे नसता. ४०० तुटला की आधी स्टॉपलॉसची विक्री, मग खाली या सक्तीच्या विक्रीचा दुसरा ढीग. तुम्ही दोन्ही ढिगांत असाल. २,००० शेअर झाल्यावर भाव दहा रुपयांनी हलला की २०,००० गेले, आणि फी जूनमध्ये भरायची आहे.

तुटल्यानंतर ४०० चं काय होतं तेही ऐका. तिथे हौसेने घेतलेले सगळे अडकतात, आणि भाव परत ४०० ला आला की तेच विकायला धावतात. कालचा सपोर्ट आज रेझिस्टन्स होतो तो असा.

बरं, रेघा अगदीच निरुपयोगी आहेत का? नाहीत. ऑस्लर यांच्याच आधीच्या एका अभ्यासात, चलन बाजारातल्या संस्थांनी जाहीर केलेल्या पातळ्यांपाशी भाव योगायोगापेक्षा जास्त वेळा पलटताना दिसला. पण त्या पातळ्यांचा उपयोग काही दिवसांपुरता होता. दहा महिने अडकलेल्या पैशाला आणि मुलाच्या फीला त्या रेघांचा आधार नाही. कंपनीचा एखादा वाईट तिमाही निकाल आला तर ४०० ची रांग रातोरात पांगेल आणि सकाळी भाव थेट ३८० ला उघडेल. मधल्या भावाला एकही सौदा होणार नाही.

क्लासबद्दल थोडक्यात. अमुक शेअर अमुक भावाला घ्या असं पैसे घेऊन सांगायला सेबीची नोंदणी लागते. नुसतं शिक्षण देणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत, असं सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं होतं. तुमच्या सरांकडे नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या वेबसाइटवर पडताळा. नसेल, तर ३५,००० ची फी तुम्ही कशासाठी भरलीत ते तुमचं तुम्हीच ठरवा.

आता करायचं काय ते सांगतो. एफडीला हात लावू नका. ती पडून नाही, ती फी आहे. एमटीएफ फेडायला ४१५ ला साधारण ६३० शेअर विकावे लागतील. ते विका, व्याज बंद होईल आणि सक्तीच्या विक्रीची टांगती तलवार जाईल. शेअरमागे १०५ रुपये, म्हणजे सुमारे ६६,००० चा तोटा होईल. बारा महिन्यांच्या आतला असल्याने तो अल्पकालीन तोटा आहे. शेअर किंवा फंडांच्या भांडवली नफ्यातून तो वजा करता येतो आणि उरला तर आठ वर्षं पुढे नेता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. उरलेले ३७० शेअर बिनकर्जाचे. ते ठेवायचे तर कंपनीचे निकाल बघून ठेवा, ५२० ची वाट बघत नको.

आणि ते ६३० विकताना ४२० ला ऑर्डर लावून बसू नका. तिथे तुमच्या आधीच रांग असेल, आणि एक्स्चेंजवर एकाच भावाला जो आधी त्याचा नंबर आधी. दोन-तीन तुकडे करा, ४१८.६० नाहीतर ४१७.४० असे आडनिडे भाव लावा. दोन दिवसांत लागले नाहीत तर चालू भावाला विका.