टीव्हीवर NW-2-5: दोष घरात की नेटफ्लिक्सकडे?

प्रश्न: टीव्हीवर नेटफ्लिक्स उघडलं की NW-2-5 येतं. म्हणजे त्यांचा सर्व्हर बंद पडलाय ना?

तसं म्हणता येणार नाही. टीव्ही नेटफ्लिक्सपर्यंत पोहोचला नाही, एवढंच हा कोड सांगतो. वाट कुठे अडली ते नाही.

प्रश्न: मोबाइलवर चालतंय, टीव्हीवर नाही. शेजारी म्हणतात टीव्ही फॅक्टरी रीसेट करा. करू का?

मुळीच नको. रीसेटने सगळ्या अ‍ॅपचं लॉगिन जातं आणि दोष बाहेर असेल तर तो तिथेच राहतो. आधी सांगा, मोबाइल तेव्हा वायफायवर होता की डेटावर? वायफायला इंटरनेट नसलं की बरेच फोन गुपचूप डेटावर जातात आणि इथेच सगळे फसतात.

फोनचं वायफाय बंद करा आणि डाउनलोड न केलेला एखादा भाग दोन मिनिटं चालवून बघा. नुसतं अ‍ॅप उघडणं पुरेसं नाही. डेटावरही चाललं नाही, तर help.netflix.com/is-netflix-down हे पान बघा. तिथे बिघाड नोंदलेला असेल तर घरातल्या कशालाही हात न लावता वाट बघा. डेटावर चाललं, तर त्याच फोनचं हॉटस्पॉट सुरू करून टीव्ही त्याला जोडा. आता टीव्हीवर चित्र आलं, तर टीव्ही ठीक आहे, दोष राउटरमध्ये किंवा ब्रॉडबँडच्या लाइनमध्ये. नाही आलं, तर टीव्हीची तारीख-वेळ तपासा, कारण ती चुकली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते. मग अ‍ॅप अपडेट करा. तरीही अडलं तर टीव्ही कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राला विचारा.

मात्र मोबाइल आणि ब्रॉडबँड एकाच कंपनीचे असतील, तर या चाचणीवर विसंबू नका. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी अडलेल्या असू शकतात. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन घ्या.

प्रश्न: राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घातली तर चालेल का?

नाही. त्याने लाइनचं यूजरनेम-पासवर्ड पुसलं जाऊ शकतं, मग तंत्रज्ञ येईपर्यंत घरात नेटच नाही. प्लग काढून अर्ध्या मिनिटाने लावा. राउटरवरचा LOS लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरच तुटली असण्याची शक्यता मोठी. लगेच ब्रॉडबँडवाल्यांकडे तक्रार नोंदवा.

प्रश्न: फोनवर fast.com उघडलं की वेग उत्तम येतो, तरी अ‍ॅप अडतं. ब्रॉडबँडवाले मोठा प्लॅन घ्या म्हणतात.

घेऊ नका. कोड जोडणी तुटल्याचा आहे, वेग कमी असल्याचा नाही. fast.com नेटफ्लिक्सच्याच व्हिडिओ पाठवणाऱ्या सर्व्हरवरून वेग मोजतं. लॉगिन आणि चित्रपटांची यादी मात्र वेगळ्या यंत्रणेवर चालते, तिथे बिघाड झाला तरी वेग चांगलाच दिसेल. शिवाय तो वेग तुमच्या फोनचा, टीव्हीचा नव्हे. हॉटस्पॉटची चाचणी करून निकाल ब्रॉडबँडवाल्यांना सांगा आणि लाइन तपासून मागा.

प्रश्न: गुगलवर मिळालेल्या कस्टमर केअरच्या नंबरवरून स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला सांगितलं. टाकू?

टाकू नका, फोन ठेवा. टाकलंच असेल तर फोनचं नेट बंद करून आधी बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा.