पडून राहिला की उतरणारा सेल

प्रश्न: जुन्या लॅपटॉपच्या १८६५० सेलचा सायकलसाठी पॅक बनवतोय, दहा सिरीज, चार पॅरलल. कॅपॅसिटी सगळ्यांची जुळवली आहे. आता वेल्डिंग करू का?

नका करू. महिनाभर थांबा.

तुर्भ्याच्या गाळ्यात मी आमच्या दादाला हेच सांगत होतो. तो म्हणाला, "कॅपॅसिटी जुळली की पॅक जुळला." चाळीसही सेल त्याने २१५० ते २२५० एमएएचमधले निवडले होते, काम चोख होतं. मे महिन्यात पॅक कोपरखैरण्याच्या गिऱ्हाइकाला दिला. पावसाळाभर सायकल जिन्याखाली पडून. ऑक्टोबरात तक्रार आली, निम्म्या वाटेत बंद पडते. बॅलन्सच्या वायरींना मीटर लावला तर चार-चार सेलचे नऊ ग्रुप ३.९० व्होल्टच्या आसपास, सातवा ३.८०.

दादाने बीएमएसला, म्हणजे पॅकमधले सेल सांभाळणाऱ्या सर्किटला, दोष दिला. मी सातव्या ग्रुपच्या निकेल पट्ट्या कापल्या, चारही सेल फुल चार्ज करून महिनाभर ठेवले. तीन ४.१८ वर टिकले, चौथा ४.०४ वर आला. म्हणजे महिन्याला साधारण तीनशे एमएएच आपोआप उतरत होता. याच सेलची कॅपॅसिटी २२१० आली होती! येणारच. ती चाचणी काही तासांत संपते, अर्ध्या मिलिअँपिअरहून कमी गळती त्यात दिसत नाही. आणि वेल्डिंग झाल्यावर चारही सेल एकाच व्होल्टेजला बसतात, चोर कोण ते मीटर सांगू शकत नाही.

कॅपॅसिटीतला फरक पाच टक्के असला तरी पडून राहिल्याने वाढत नाही. लहान ग्रुप आधी संपतो, चार्जिंगला पुन्हा सगळ्यांबरोबर भरतो. गळतीचा फरक मात्र साठत जातो. चार महिन्यांत बाराशे एमएएच, म्हणजे ८८०० च्या ग्रुपचे जवळपास चौदा टक्के. साधा बीएमएस साधारण पन्नास मिलिअँपिअरने बॅलन्स करतो, तेही सेल जवळजवळ फुल झाल्यावरच. हिशेब करा, चोवीस तास चार्जर लावून ठेवावा लागेल. कोण ठेवतं?

तेव्हा सेल फुल चार्ज करा आणि एक दिवस तसेच ठेवा. पहिल्या दिवशीची घसरण सेल स्थिरावण्याची असते, ती धरू नका. मग तारीख आणि व्होल्टेज मार्करने सेलवरच लिहा, तीन-चार आठवड्यांनी त्याच वेळेला पुन्हा मोजा. मीटर तीन दशांश दाखवणारा हवा, ४.१८ असे दोनच दशांश दाखवणारा इथे निरुपयोगी. चांगले सेल काही मिलिव्होल्टच उतरतात. जो भावंडांपेक्षा स्पष्ट जास्त उतरला, तो पॅकमध्ये घालू नका, आतल्या आत बारीक शॉर्ट असू शकतो. उरलेले असे वाटा की प्रत्येक ग्रुपची एकूण घसरण सारखी येईल.

रोज चालवून रात्रभर चार्जर लावणार असाल तर थोडी गळती बीएमएस सांभाळून घेईल. आणि हे एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट सेलना लागू नाही, त्यांचं व्होल्टेज इतकं सपाट असतं की महिन्याने उरलेली क्षमता डिस्चार्ज करूनच मोजावी लागते.

दादाने त्या पॅकला नवा बीएमएस बसवायला आणला होता. मी एक सेल बदलला, बीएमएस जुनाच ठेवला. पुढच्या पावसाळ्यानंतर दहाही ग्रुप दहा मिलिव्होल्टच्या आत होते.