केसपेपरवरचा ‘अँटिसोशल’ शेरा आणि ४० पैकी ३१ गुण

प्रश्न: माझा भाऊ २३ वर्षांचा आहे. नागपुरातल्या एका डॉक्टरांनी केसपेपरवर ‘अँटिसोशल पर्सनॅलिटी’ लिहिलंय. नेटवरची सायकोपॅथीची चाचणी मी त्याच्या वतीने भरली, ४० पैकी ३१ आले. दहावीपर्यंत तो सरळ होता. कॉलेजात दारू लागली, मग मारामाऱ्या, खोटं बोलणं, आईचे दागिने गहाण टाकणं. तो सायकोपॅथ आहे का? आईला धोका आहे का?

उत्तर:
ताई, मी नागपुरातच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. तुमच्या प्रश्नात माझं लक्ष ‘दहावीपर्यंत सरळ होता’ इथेच थांबलं. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या ग्रंथाप्रमाणे ‘अँटिसोशल पर्सनॅलिटी’च्या निदानासाठी सातपैकी तीन लक्षणं लागतात आणि वय १८ पूर्ण लागतं. पण तेवढ्याने भागत नाही. वयाच्या १५ वर्षांआधीच वर्तन बिघडल्याचा पुरावा हवा: चोऱ्या, लहानांना मारणं, प्राण्यांचा छळ, घरातून पळून जाणं. खोटं बोलणं, भांडणं, पैशांची बेफिकिरी ही तीन लक्षणं तर दारूच्या व्यसनातही सहज भरतात. म्हणून डॉक्टरांना विचारा की बालपणाची माहिती कोणाकडून घेतली. जमल्यास त्याच्या शाळेतल्या शिक्षकांशी बोला. दारू सुटून काही महिने गेले की काय उरतं, ते पाहिल्याशिवाय हा शेरा मी तरी पक्का मानणार नाही.

सायकोपॅथी हे डीएसएममधलं वेगळं निदान नाही. ती मोजायला कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची यादी वापरतात, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. प्रशिक्षित माणूस दीर्घ मुलाखत घेतो आणि प्रत्येक उत्तर कागदपत्रांशी ताडून पाहतो. काही मुद्दे स्वभावाचे आहेत, जसं पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याचं दुःख न जाणवणं. बाकीचे बहुतेक वागणुकीचे. तुरुंगातल्या बऱ्याच जणांना अँटिसोशलचं निदान लागू पडतं, पण या यादीत ३० च्या वर त्यांच्यातले थोडेच जातात. शुद्धीवर असताना तो आईसमोर रडतो का, दागिने सोडवायची धडपड करतो का, हे नेटवरच्या चाचणीने विचारलंच नसेल. तुमच्या ३१ गुणांत तुम्ही सोसलेला त्रास मोजला गेलाय, त्याचं मन नाही.

आता धोका. हिंसेचा अंदाज बांधणाऱ्या साधनांचा मोठा आढावा २०१२ मध्ये आला, त्यात सुमारे २५ हजार माणसं होती. ज्यांना मध्यम किंवा जास्त धोक्याचं ठरवलं, त्यांच्यातल्या शंभरातल्या साधारण ४१ जणांनी पुढे हिंसा केली, ५९ जणांनी नाही. तुमचा भाऊ यांतला कोणता, हे कुठलाच गुणांक सांगत नाही.

म्हणून मी गुणांऐवजी घरात काय घडतंय ते विचारेन. त्याने आईवर कधी हात उगारलाय का? पैसे नाकारल्यावर धमकी देतो का? घरात शस्त्र आहे का? प्यायल्यावर फार बिघडतो का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर निदानाची वाट न बघता आईला काही दिवस तुमच्याकडे आणा, उरलेले दागिने लॉकरमध्ये ठेवा आणि तो अंगावर आला तर ११२ ला फोन करा. त्याच्या दारूसाठी व्यसनमुक्तीचे उपचारही याच आठवड्यात सुरू करा.