नाकातून दिलेले डेक्समेडेटोमिडीन आणि अडीच वर्षांच्या मुलीचा एमआरआय

प्रश्न : माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला दोनदा झटके आल्याने मेंदूचा एमआरआय सांगितला आहे. नाकातून डेक्समेडेटोमिडीन देऊन झोपवू म्हणतात. डोस वजनावर कसा ठरतो, किती तास उपाशी ठेवायचे आणि त्या वेळी नेमके काय बघतात? आम्ही काटोलहून नागपूरला येणार आहोत.

उत्तर : मी नागपुरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. लहान मुलांना स्कॅनसाठी झोपवणे हे माझे जवळजवळ रोजचेच काम आहे. आधी एक गोष्ट सांगते. हे औषध घरी, गाडीत किंवा स्कॅन सेंटरच्या बाहेरच्या बाकड्यावर देण्याचे नाही. श्वासमार्ग सांभाळता येणारा माणूस, ऑक्सिजन, सक्शन आणि मॉनिटर हाताशी असतील, तिथेच ते द्यायचे. खाली जे आकडे देते आहे, ते तुम्ही स्वतः डोस ठरवावा म्हणून नाहीत, तर तिथल्या डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून आहेत.

हे औषध मेंदूच्या बुंध्यातील जागेपणा टिकवणाऱ्या केंद्राला शांत करते, त्यामुळे येणारी झोप बरीचशी नैसर्गिक झोपेसारखी असते. श्वास सहसा मंदावत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र नाडी आणि रक्तदाब ते खाली आणते. नाकातून दिलेले मिडॅझोलाम हे गुंगीचे दुसरे औषध झोंबते आणि मूल किंचाळते, तसे याने होत नाही, कारण त्याला तिखट चव किंवा जळजळ नसते. नाकातून देण्याचा हा वापर औषधाच्या अधिकृत लेबलवर नाही, पण बालभूलशास्त्रात तो बऱ्याच वर्षांपासून रुळलेला आहे. संमतीपत्रावर सही करण्याआधी ही गोष्ट तुम्हाला सांगितली गेली पाहिजे.

मागे माझ्याकडे आलेल्या एका मुलीचे उदाहरण घेते. वय तुमच्या मुलीएवढेच, आणि स्कॅनचे कारणही तेच. वडील म्हणाले, 'चौदा किलो असेल.' काट्यावर भरले ११.६ किलो. एमआरआयसाठी मी साधारणपणे दर किलोला ३ मायक्रोग्रॅम धरते. सीटी पाच मिनिटांत उरकते, म्हणून तिथे २ सुद्धा पुरतात. ११.६ गुणिले ३ म्हणजे ३४.८, म्हणून ३५ मायक्रोग्रॅम. वडिलांच्या अंदाजावर गेले असते तर डोस ४२ झाला असता, म्हणजे पाचव्या हिश्श्याने जास्त. म्हणून वजन त्याच दिवशी, त्याच ठिकाणच्या काट्यावर, चपला आणि जाड कपडे काढून करून घ्या.

खरी चूक मात्र पुढच्या पायरीवर होते. नाकासाठी जे औषध वापरतात, त्याच्या दर मिलीलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतात, म्हणून ३५ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.३५ मिलीलिटर, जेमतेम काही थेंब. एवढे थोडे औषध १ मिलीलिटरच्या ट्युबरक्युलिन सिरिंजमध्येच मोजावे लागते. माझ्या शिकण्याच्या दिवसांत एका ठिकाणी ती सिरिंज संपली होती म्हणून हाताशी असलेली लाल टोपीची इन्सुलिन सिरिंज उचलली गेली, आणि '३५' च्या रेषेपर्यंत औषध भरले गेले. आपल्याकडच्या त्या सिरिंजवर १ मिलीलिटरचे ४० भाग असतात, त्यामुळे ३५ ची रेष म्हणजे ०.८७५ मिलीलिटर, अर्थात ८७.५ मायक्रोग्रॅम, अडीचपट डोस. सिरिंज जवळजवळ भरलेली दिसली म्हणून ते वेळीच लक्षात आले. इतक्या लहान मुलासाठी सिरिंज निम्म्याच्या वर भरलेली दिसली, तर 'एकदा मोजून दाखवा' असे म्हणायला कोणीही संकोचू नये. या औषधाची गुंगी उतरवणारे औषध माणसांसाठी उपलब्ध नाही. जास्त गेले तर मॉनिटर लावून, नाडी आणि रक्तदाब सांभाळत, ते ओसरण्याची वाट पाहावी लागते.

औषध नाकात कसे जाते, यावरही परिणाम अवलंबून असतो. सिरिंजच्या टोकाला स्पंजची बोंडी असलेला फवारा लावला तर औषध धुक्यासारखे नाकाच्या अस्तरावर पसरते. पण त्या फवाऱ्याच्या पोकळीत सुमारे ०.१ मिलीलिटर औषध अडकून राहते. या मुलीसाठी ते १० मायक्रोग्रॅम, म्हणजे डोसचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तो हिशेबात धरला नाही तर मूल अर्धवट झोपते आणि दोष औषधावर येतो. म्हणून मी ०.४५ भरते, टोकाशी पहिला थेंब दिसेपर्यंत फवारा भरून घेते, आणि उरलेले ०.३५ दोन्ही नाकपुड्यांत निम्मे निम्मे देते. फवारा नसेल आणि थेंब टाकायचे असतील, तर हे जादाचे ०.१ भरायचे नसते. एका नाकपुडीत अर्ध्या मिलीलिटरपेक्षा जास्त गेले तर ते घशात उतरते आणि गिळले जाते, आणि गिळलेल्या औषधाचा उपयोग फार कमी होतो. हीच गत वाहत्या नाकाची होते. शेंबडाच्या थरावर पडलेले औषध अस्तरापर्यंत पोहोचतच नाही, शिवाय सर्दीत श्वासमार्ग चिडलेला असतो. मुलीला खोकला, ताप किंवा हिरवट शेंबूड असेल तर त्या दिवशी निघण्याआधी फोन करा. झटक्यांचा तपास तातडीचा नसेल, तर दोनतीन आठवड्यांनी येणेच बरे.

उपाशी ठेवण्याचा नियम भारतात सर्वसाधारणपणे असा पाळला जातो : जेवण, बिस्किट, गाईचे किंवा पावडरचे दूध ६ तास आधी बंद, आईचे दूध ४ तास आधी बंद, आणि पाणी किंवा साखरपाण्यासारखे स्वच्छ द्रव २ तास आधी बंद. तूपतेलाचे जेवण असेल तर ८ तास धरावेत. गुंगीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ नये, यासाठी हा खटाटोप. हे तास स्कॅनच्या वेळेपासून नव्हे, तर औषध देण्याच्या वेळेपासून मागे मोजायचे, कारण औषध स्कॅनच्या अर्धा-पाऊण तास आधी दिले जाते. स्वच्छ द्रव म्हणजे ज्यातून आरपार दिसते ते. ताक, दुधाचा चहा आणि आपल्या संत्र्याचा गर असलेला रस त्यात येत नाहीत.

वर सांगितलेल्या मुलीची वेळ सकाळी साडेनऊची होती. मी विचारल्यावर आई म्हणाली, 'काहीच नाही दिलं.' मागे उभी असलेली आजी गप्प होती, म्हणून मी तिला वेगळे विचारले. ती म्हणाली, 'लेकराले काहून एवढं उपाशी ठेवता? सहा वाजता वाटीभर दूध पाजलं मी.' मी आजीचे आभारच मानले, कारण तिने ते लपवले असते तर पुढे काय झाले असते कोण जाणे. औषधाची वेळ १२ वर ढकलली, १० वाजेपर्यंत साखरपाणी दिले. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात लहान मुलाला रात्रीपासून पूर्ण कोरडे ठेवणे हीसुद्धा चूकच आहे. कोरडे पडलेल्या मुलाचा रक्तदाब या औषधाने जास्त उतरतो, आणि शिरही सापडत नाही. म्हणून काटोलहून निघताना पाण्याची बाटली बरोबर असू द्या, आणि औषधाच्या दोन तास आधी ती पर्समध्ये ठेवून द्या. झटक्यांचे नेहमीचे औषध चालू असेल तर तो डोस सहसा चुकवायचा नसतो. तो किती वाजता आणि कशाबरोबर द्यायचा, हे आधीच विचारून ठेवा.

बारा वाजता आईच्या मांडीवर औषध दिले, खोलीत दिवा मंद केला. या औषधाची झोप हळूहळू चढते. साधारण २५ मिनिटांनी डोळे मिटतात, आणि त्या काळात मोबाइलवर गाणी लावली किंवा नातेवाईक आतबाहेर करू लागले, तर ती लांबते. ही मुलगी १२.२५ ला झोपली. अर्धा-पाऊण तासात झोप आली नाही, तर मी दर किलोला १ मायक्रोग्रॅम असा एक जादा डोस देते, त्यापुढे मात्र नाकाचा हट्ट धरत नाही. शिरेतून औषध देते किंवा दुसरी तारीख ठरवते. मशीनचा आवाज प्रचंड असतो आणि ही झोप हाक मारल्यावर मोडणारी असते, म्हणून कानात बोळे, वर हेडफोन आणि अंगाभोवती घट्ट चादर, एवढे केल्याशिवाय मी मुलाला आत नेत नाही.

झोपल्या क्षणापासून बोटाला ऑक्सिजनचा मापक आणि नाडीवर नजर, दर पाच मिनिटांनी रक्तदाब, आणि नाकाजवळ उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारी नळी. मशीनच्या बोगद्यात छाती हलताना दिसत नाही, त्यामुळे श्वास अडला तर ती नळीच सर्वांत आधी सांगते. ही सर्व उपकरणे एमआरआयसाठी बनवलेली असावी लागतात. साध्या मापकाची वायर तापून कातडी भाजू शकते, आणि लोखंडी सिलिंडर तर मशीनकडे ओढलाच जातो. या मुलीची जागेपणी नाडी ११८ होती, आत गेल्यावर ८४ झाली. हा आकडा पाहून पालक घाबरतात, पण रक्तदाब ठीक, ओठ गुलाबी आणि हातपाय उबदार असतील तर आम्ही फक्त पाहत राहतो. घाईने अ‍ॅट्रोपिनसारखे नाडी वाढवणारे औषध दिले तर रक्तदाब उसळू शकतो. नाडी ६० च्या खाली गेली किंवा रक्तदाबही सोबत पडला, तर स्कॅन थांबवून मुलाला बाहेर काढतो. मुलीला जन्मतः हृदयाचा ठोका अडण्याचा दोष असेल किंवा ती नाडी मंद करणारे औषध घेत असेल, तर हे औषधच टाळतो. झोपेत घोरत असेल, मध्येच श्वास थांबत असेल, तर तेही आधीच सांगा.

स्कॅन २८ मिनिटांत झाला. ती दीड वाजून गेल्यावर उठली, पाणी प्यायली, आईला ओळखून रडली, आणि नाडी-रक्तदाब सुरुवातीच्या जवळपास आल्यावर अडीच वाजता सोडली. डुलक्या घेणाऱ्या मुलाला स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. मान पुढे कलली की श्वासमार्ग दबतो, आणि पुढे बसलेल्याला ते दिसत नाही. गाडीत मागच्या सीटवर, शेजारी कोणीतरी जागे राहून मान सरळ धरून बसेल, असे बघा, आणि त्या रात्री तिला एकटीला झोपवू नका.